ठरावाच्या बाजूने: पळवाट नको, सरसकट बंदी हवी

सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक आणि मित्रहो,

‘शहरांत एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी असावी’ या ठरावाच्या बाजूने मी उभी आहे.

प्रतिपक्षाने विचारलं, “बंदी तर आहेच, मग काय फरक पडला?” निम्मं मान्य. राज्यात २३ जून २०१८ पासून बंदी लागू झाली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे पेले, चमचे, स्ट्रॉ बंद झाले. तरी आपल्या ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात आजही कोथिंबिरीची जुडी पातळ पिशवीतच हातात पडते.

असं का, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. केंद्राच्या नियमात १२० मायक्रॉनची पिशवी चालते, त्याहून पातळ चालत नाही. आता गर्दीच्या वेळी भाजीवाल्या मावशींनी वजन करायचं की मायक्रॉन मोजायचे? पालिकेचा माणूस तरी नुसत्या डोळ्यांनी काय ओळखणार? नियमात फट ठेवली की पिशवी तिथूनच सुटते. बंदी फसली नाही, ती अर्धीच घातली गेली.

“गरीब विक्रेत्याच्या पोटावर पाय येईल,” असाही मुद्दा आला. मग मावशींचा हिशोब बघू. पिशव्या त्या किलोवर, स्वतःच्या पैशाने आणतात आणि फुकट देतात. नाही दिली तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जातं. एकट्या मावशी ही साखळी तोडू शकत नाहीत. सगळ्यांना एकदमच मनाई झाली, तर गिऱ्हाईक जाणार कुठे? उलट पिशव्यांचा खर्च वाचेल.

“रिसायकल करा.” अहो, भंगारवाला बाटली घेतो, पण आमटी लागलेली पिशवी घेतो का? ती नाल्यात जाते, नाला खाडीत. त्याच ठाणे खाडीत आपण फ्लेमिंगो बघायला जातो, आणि २०२२ मध्ये तिला जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जाही मिळाला.

डेन्मार्कचा २०१८ चा अहवाल त्यांनी मोठ्या तोऱ्यात काढला: पर्यावरणाला प्लास्टिकच्या पिशवीइतकी परवडायला कापसाची पिशवी हजारो वेळा वापरावी लागते. खरंय, पण तो हिशोब नव्या पिशवीचा. आमच्या घरची पिशवी आजीच्या जुन्या साडीची आहे, तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागला नाही. शिवाय रस्त्यावर, समुद्रात जाणारा कचरा त्या अहवालाने मोजलेलाच नाही. तेवढं पान वाचायचं राहिलं असावं.

कारखान्यातल्या रोजगाराचा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. म्हणून आमची मागणी अशी: दंडाची पावती आधी बनवणाऱ्याच्या आणि घाऊक विकणाऱ्याच्या नावाने फाडा, मावशींच्या नाही. कारखान्यांना बादल्या, पाइप, क्रेट अशा टिकाऊ मालाकडे वळायला मुदत द्या. औषधं आणि रुग्णालयं वगळा. बाकी सगळं बंद, मायक्रॉनची भानगडच नको.

प्रतिपक्षाला एकच प्रश्न, उत्तर समारोपात द्यावं: सरसकट बंदी नको, तर पातळ पिशवी आणि जाड पिशवी बाजारात कोणी, कशी ओळखायची?

धन्यवाद.