७२,००० च्या दंडानंतर स्वतःशी म्हणायची वाक्ये

चाकणहून चेन्नईला निघालेली कंपनीची गाडी वाटेत बंद पडली. माल वाहून नेताना लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदत संपली आणि ती वाढवायचं डिस्पॅचमधल्या नव्या मुलीच्या ध्यानातून गेलं. माल २ लाखांचा, त्यावर १८ टक्क्यांनी कर ३६,०००, दंड कराच्या दुप्पट. चार दिवस ती धड जेवलेली नाही. तिच्यासाठी हे लिहिलंय. जे पटेल ते घे, बाकीचं सोड.

हातून चूक झाली, पण नियत खोटी नव्हती.

मुदत संपण्याआधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. हे आज मला तोंडपाठ आहे, त्या दिवशी नव्हतं. आजच्या अकलेने त्या दिवशीच्या मुलीला धारेवर धरायचं नाही.

दंड कंपनीने एकदा भरला. मी तो रोज रात्री उशीवर डोकं ठेवून पुन्हा भरत बसणार नाही.

बुडत्याचा पाय खोलात जातो तो लपवाछपवीने. मी त्याच संध्याकाळी साहेबांच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं. आवाज कापत होता, तरी सांगितलं. (हे वाक्य दिवसातून दोनदा म्हण. पैसे गेले ते सगळ्यांना दिसलं, तुझा हा खरेपणा तुला स्वतःलाच दिसत नाहीये, म्हणून.)

गाडीचा क्लच माझ्यामुळे गेला नाही. ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा खोलीत आम्ही तिघं होतो, मुदत कधी संपते हे एकानेही विचारलं नाही. माझा वाटा माझा, तो मी नाकारत नाही. दुसऱ्यांचाही माझ्याच डोक्यावर घेणार नाही.

साहेब ओरडले ते नुकसानीवर. मला काढायचं असतं तर दुसऱ्या दिवशी नव्या गाड्यांची यादी माझ्या हातात दिली नसती.

काम करणाऱ्याच्याच हातून चुका होतात.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ठेच मला लागली, आणि आता फळ्यावर प्रत्येक गाडीपुढे मुदतीची तारीख आणि वेळ लिहिली जाते. दर २०० किलोमीटरला एक दिवस, हा हिशोब माझ्यानंतर येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात समजेल.

घरी आईला सांगितलं तर ती माझ्या चुकीआधी माझं उतरलेलं तोंड बघेल. म्हणून आज सांगेन.

रडू आलं तर रडेन, पण जेवणाच्या सुट्टीत, ताईंजवळ बसून. डबा तेवढा परत न्यायचा नाही.

सकाळी पोर्टल उघडताना हात थरथरला, तर गाडीचा नंबर मोठ्याने वाचेन, शेजारच्याला एकदा ताडून बघायला सांगेन, आणि बिल काढेन.