ळ आणि ण : तालमीआधीची दहा मिनिटे

मागच्या प्रयोगात "काळ आला!" हे वाक्य "काल आला!" असे गेले आणि मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले, "मग आज कुठे गेला?" म्हणून हा कागद. रोज तालमीआधी मोठ्याने वाचायचा, मनातल्या मनात नाही.

जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावा. ल आणि न दातांच्या मुळाशी होतात; ळ आणि ण त्याच्या बरेच मागे. ळ ला जीभ पुढे झटकत सुटते, ण ला आवाज नाकातूनही येतो.

सुरुवातीला
काही नाही. मराठी शब्द ळ ने सुरू होत नाही, आणि ण ने सुरू होणारा चटकन आठवतो तो प्राकृतातला 'णमोकार'.

मध्ये, पुढे व्यंजन
ळ : काळजी, हळकुंड, पळवाट, जळमट, चळवळ
ण : पणती, मणका, कणखर, क्षणभर, ठणठणीत
इथे घाई नडते. 'काळजी'तला ळ पुरा होऊ द्या, मगच ज.

मध्ये किंवा शेवटी, स्वरासह
ळ : शाळा, डोळे, टाळी, सावळी, ओळख, हळूहळू
ण : पाणी, गाणे, पाहुणा, शहाणी, गणित, जाणीव

अगदी शेवटी
ळ : बाळ, जवळ, सकाळ, वादळ, ओंजळ
ण : कोण, आपण, कारण, श्रावण, मैत्रीण
लिहिताना अक्षर पूर्ण, बोलताना अ गळतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण वाक्य संपत आले की जीभ आळसावते. जोड्या लावून म्हणा, दोन्ही शब्द वेगळे ऐकू आलेच पाहिजेत:
काल – काळ, वेल – वेळ, गाल – गाळ, चाल – चाळ, माल – माळ, नल – नळ
मन – मण, कोन – कोण, तान – ताण, घन – घण, खान – खाण

जोडाक्षरात
ळ : डोळ्यांत, सगळ्यांना, पावसाळ्यात
ण : पाण्यात, पुण्य, पूर्ण, अण्णा, कृष्ण, विष्णू
'विश्नू' नको. ष ला जीभ आधीच मागे गेलेली असते, तिथेच ठेवा, ण आपोआप येतो.

न दिसणारा ण
घंटा, कंठ, अंडे, पंढरपूर. लिहिताना टिंब, उच्चारात ण. ट, ठ, ड, ढ च्या आधी तो म्हणायला अडत नाही. ज्यांना एरवी ण जमत नाही त्यांनी 'घंटा' म्हणून ट च्या आधी थांबावे: तोच ण.

दोन्ही एकत्र
वळण, दळण, चाळणी, पाळणा, उजळणी, दळणवळण

आता वाक्ये. आधी सावकाश, मग तीनदा वेगात:

वेळ कळली, पण वळण कळले नाही.
कोणी कोणाला कणभरही पाणी देईना.
आभाळ कोसळले, तळे उचंबळले, बाळ मात्र पाळण्यात लोळले.

तिसऱ्यांदा 'पाळण्यात'चे 'पालन्यात' झाले, तर पुन्हा पहिल्या वाक्यापासून.