सहशिक्षिका पदाचा राजीनामा (एम.एड. शिक्षणासाठी)

दि. 19 जानेवारी 2026

प्रति,
मा. सचिव,
शिक्षण प्रसारक मंडळ, धारूर, जि. बीड

मार्फत : मा. मुख्याध्यापिका, प्राथमिक विद्यालय, धारूर

विषय : सहशिक्षिका पदाचा राजीनामा, तीन महिन्यांची नोटीस व 30 एप्रिल 2026 रोजी कार्यमुक्त करण्याबाबत

संदर्भ : 1) महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977, कलम 7
2) त्याखालील नियमावली, 1981, नियम 40

महोदय,

मी आपल्या विद्यालयात दि. 15 जून 2010 रोजी शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. तीन वर्षांचा तो कालावधी पूर्ण झाल्यावर नियमित सहशिक्षिका झाले आणि सध्या इयत्ता तिसरीची वर्गशिक्षिका आहे. दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.एड. अभ्यासक्रम करण्यासाठी मी या पदाचा स्वेच्छेने आणि विनाअट राजीनामा देत आहे. तो मंजूर करून मला गुरुवार, दि. 30 एप्रिल 2026 रोजी शाळा सुटल्यानंतर कार्यमुक्त करावे, ही विनंती.

एम.एड.ची प्रवेश परीक्षा अजून व्हायची आहे. तरीही आजच राजीनामा देत आहे, याचे कारण नियमात आहे. स्थायी कर्मचाऱ्याला पूर्ण तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सुट्टीत नोटीस देता येत नाही, नोटिशीच्या काळात सुट्टीचा कोणताही भाग येता कामा नये आणि पहिले सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर नोटीस देता येत नाही. निकाल लागून प्रवेश निश्चित होईपर्यंत थांबले, तर नोटीस जुलैच्या उत्तरार्धातच देता येईल आणि ऐन सत्रात वर्ग सोडावा लागेल. आज नोटीस दिली, तर तीन महिने एप्रिलमध्येच, उन्हाळी सुट्टीच्या आत पुरे होतात. त्यामुळे नोटिशीऐवजी वेतन भरण्याचा प्रश्न उरत नाही आणि शाळेच्या अनुदानातून कपातही होत नाही. प्रवेश यंदा न मिळाल्यास राजीनामा मागे घेण्याची विनंती मी करणार नाही.

दोन वर्षांची बिनपगारी रजा घे, असे काही सहकाऱ्यांनी सुचवले. पण रजेत पद माझ्याच नावावर अडकून राहते आणि वर्गाला कायम शिक्षक मिळत नाही. पद रिक्त झाले की संस्थेला पवित्र पोर्टलवर मागणी नोंदवता येईल किंवा अतिरिक्त शिक्षकाचे समायोजन मागता येईल. त्यासाठी संचमान्यता आणि तपासलेली बिंदुनामावली हाताशी लागते. ती कागदपत्रे आत्तापासून पाहिली तर जूनमध्ये वर्ग रिकामा राहणार नाही. समायोजन सर्वांत लवकर होऊ शकते, म्हणून शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे तो प्रस्ताव आधी जावा, असे मला मनापासून वाटते.

एम.एड.च्या लघुशोधासाठी विषय आपल्या शाळेतूनच सापडला आहे : ऊसतोडीच्या हंगामात स्थलांतर करणाऱ्या मुलांचे तुटलेले वाचन आणि गणित पुन्हा कसे सांधायचे. वर्गात 34 मुले आहेत. त्यांपैकी नऊ जणांचे पालक कारखान्यांवर गेले आहेत. पाच मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजी-आजोबांकडे राहिली, चार पालकांबरोबर गेली. या चौघांना शिक्षण हमी पत्रक दिलेले आहे. त्यांची नावे पटावरून कमी करू नयेत आणि परतल्यावर नवा प्रवेश दाखवू नये. तसे केल्यास यू-डायस प्लसवर एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात आणि पुढे दाखला काढताना पालकांना हेलपाटे पडतात.

ही मुले मार्च-एप्रिलमध्ये परत येतील, तेव्हा मी वर्गावरच असेन. त्यांच्यासाठी रोज शेवटची तासिका वेगळी ठेवण्यास परवानगी असावी. नुसता बुडालेला पाठ शिकवून भागत नाही, आधी मूल कुठे थांबले आहे ते पाहावे लागते. उदाहरणार्थ, 402 मधून 178 वजा करायला दिले की यांतील बरीच मुले 376 लिहितात. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केलेला असतो. बरोबर उत्तर 224. अशा मुलांकडून तीच रीत दहा वेळा गिरवून घेतली तरी उपयोग होत नाही, कारण अडचण स्थानिक किमतीत आहे. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा, त्यांतली एक मोडून दहा सुटे, हे हाताने केले की मधल्या शून्याची भीती जाते. वाचनात अडथळा बहुतेक रफार आणि जोडाक्षरांचा आहे. ‘सूर्य’ हा शब्द ‘सुरय’ असा वाचला जातो आणि तिथेच वाक्याचा अर्थ सुटतो. प्रत्येक मुलाची अशी नोंद मी स्वतंत्र वहीत केली आहे. गुणांच्या तक्त्यापेक्षा ही वही पुढच्या शिक्षकांच्या जास्त कामाची आहे, म्हणून ती चार्जपट्टीत आवर्जून घ्यावी.

दुसरे संकलित मूल्यमापन, वर्णनात्मक नोंदी आणि प्रगतिपुस्तके मी पूर्ण करून देईन. निकालपत्रक 28 एप्रिलपर्यंत मुख्याध्यापिकांकडे तपासणीस जाईल, म्हणजे बेरजेतील चूक 1 मे रोजी पालकांसमोर निघणार नाही. हजेरीपट, वाचनपेटीतील पुस्तके, वर्गातील जडवस्तू आणि गणित पेटी यांचा पदभार 29 एप्रिलला देईन. गणित पेटीतले दशकदांडे मोजूनच घ्यावेत, दरवर्षी तेच कमी भरतात.

पोषण आहाराची नोंद माझ्याकडे असल्याने तांदळाचा प्रत्यक्ष साठा वजन करून साठा नोंदवहीशी जुळवून द्यायचा आहे. पहिली ते पाचवीसाठी रोज प्रति विद्यार्थी 100 ग्रॅम तांदळाप्रमाणे खर्च पडतो. पोती फाटून झालेली गळती त्याच दिवशी लिहिली नाही, तर शेवटी तूट दिसते. म्हणून पहिली जुळवणी फेब्रुवारीअखेर आणि दुसरी एप्रिलअखेर करू. यू-डायस प्लसवरील वर्गाची माहिती अद्ययावत झाली की लॉगिनचा पासवर्ड मुख्याध्यापिकांनी लगेच बदलावा. माझ्याकडील बीएलओचे काम दुसऱ्याकडे देण्यासाठी शाळेमार्फत तहसील कार्यालयाला याच महिन्यात पत्र जावे. नाहीतर कार्यमुक्त झाल्यावरही नेमणूक माझ्याच नावावर राहील.

माझ्याकडे शिक्षक पतसंस्थेचे कर्ज नाही, तसे पत्र सोबत जोडले आहे. कार्यमुक्तीच्या वेळी कार्यमुक्ती आदेश, अनुभव प्रमाणपत्र, अंतिम वेतन प्रमाणपत्र, ना-देय प्रमाणपत्र आणि अद्ययावत सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत मिळावी. सेवापुस्तकात राजीनाम्याची व तो मंजूर झाल्याची तारीख या दोन्ही नोंदी हव्यात. शालार्थमध्ये एप्रिलचे वेतन निघाल्यानंतरच नाव कमी करावे. एनपीएसमधील रक्कम मी आत्ता काढत नाही, फक्त एप्रिलपर्यंतचे अंशदान प्रान खात्यात जमा झाल्याची खात्री करून मिळावी.

या शाळेने मला शिकवण्याची मोकळीक दिली. परिपाठानंतरची पंधरा मिनिटे मूक वाचनासाठी मागितली, तेव्हा मुख्याध्यापिकांनी वेळापत्रकच बदलले. त्यांची आणि सर्व सहकाऱ्यांची मी ऋणी आहे. लघुशोधासाठी माहिती गोळा करताना आपल्या शाळेत येण्याची परवानगी मी त्या वेळी रीतसर मागेन.

कलम 7 प्रमाणे हे पत्र दोन प्रतींत असून दोन्हींवर माझी स्वाक्षरी व तारीख आहे. एक प्रत नोंदणीकृत डाकेने आपल्याकडे पाठवली असून दुसरी माझ्याकडे ठेवली आहे. मंजुरीचे लेखी पत्र मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,

(स्वाक्षरी)
सुनंदा भगवान तांदळे
बी.ए., डी.एड., बी.एड.
सहशिक्षिका, इयत्ता तिसरी

सोबत : पतसंस्थेचे ना-देय पत्र, वर्गाकडील साहित्याची प्राथमिक यादी, शिक्षण हमी पत्रक दिलेल्या चार विद्यार्थ्यांची यादी

माहितीसाठी प्रत : मा. मुख्याध्यापिका, प्राथमिक विद्यालय, धारूर