घड्याळ फसले, बारी पुन्हा धावली. खैरवाडीत भैरवनाथाची यात्रा उत्साहात

दोन दिवसांत १४२ बैलगाडे घाटात. तमाशा रात्री दहाला थांबला

खैरवाडी (ता. जुन्नर), वार्ताहर : येथील ग्रामदैवत भैरवनाथाची चैत्री यात्रा शनिवारी आणि रविवारी पार पडली. बैलगाडा शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी वेळ मोजणारे यंत्र फसल्याने एका बारीचा निकाल सुमारे पाच तास अडकून पडला. पंचांनी ती बारी दिवसाच्या अखेरीस पुन्हा सोडली आणि वाद मिटला. कुस्त्यांचा हगामा, छबिना आणि लोकनाट्य तमाशा हे कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाले.

शनिवारी पहाटे चारला देवाला अभिषेक झाला. पुजाऱ्यांनी देवाला नवा पोशाख चढवला आणि सूर्य उगवायच्या आत मांडव-डहाळ्यांची मिरवणूक वेशीतून निघाली. दुपारपर्यंत घरोघरी पुरणपोळीचे नैवेद्य तयार झाले होते. मुंबई आणि पिंपरी-चिंचवडला स्थायिक झालेले बहुतेक ग्रामस्थ आदल्या रात्रीच गावात पोहोचले होते. एरवी कुलूप असलेली वरच्या आळीतील घरे दोन दिवस माणसांनी भरून गेली. यात्रेची वर्गणी या वर्षी घरटी दीड हजार रुपये होती. बाहेरगावी राहणाऱ्यांनी ती आधीच जमा केली होती, गावातल्या काहींची मात्र रविवारपर्यंत बाकी होती.

शर्यती सकाळी नऊला सुरू झाल्या. घाटाची लांबी सव्वाचारशे फूट होती. शासनाच्या नियमांनुसार धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब चालत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड भागातले चढाचे घाट त्या मर्यादेच्या कितीतरी आत असतात. यात्रा समितीने जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आधीच अर्ज केला होता आणि अनामत रक्कमही भरली होती. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रत्येक बैल तपासला. पायाला सूज असलेले दोन आणि ताप असलेला एक असे तीन बैल त्यांनी बाजूला काढले. त्यांपैकी दोन गाडामालकांनी दुसरा बैल जुंपला, एक गाडा मात्र आल्या पावली परत गेला.

पहिल्या दिवशी घाटानेच खोळंबा केला. धूळ उडू नये म्हणून समितीने शुक्रवारी रात्री घाटावर टँकरने पाणी मारले होते. पाणी उताराने खाली आले आणि जुंपणीच्या जागेपासूनचा सुमारे चाळीस फुटांचा भाग सकाळीही ओलाच राहिला. गाडा सुटताना बैल पूर्ण जोर लावतात तो नेमका याच टप्प्यात. तिसऱ्या बारीत कांड्याचा उजवा बैल घसरून गुडघ्यावर आला आणि पंचांनी लगेच शर्यत थांबवली. बैलाला इजा झाली नव्हती. कार्यकर्त्यांनी दोन ट्रॉल्या कोरडा मुरूम पसरला, त्यावरून रोलर फिरवला आणि पाऊण तासाने बाऱ्या पुन्हा सुरू झाल्या. शनिवारी रात्री पाणी फक्त वरच्या अर्ध्या घाटावर, तेही निम्मेच मारले गेले. रविवारी एकही बैल घसरला नाही. खालच्या टोकाला धूळ उडाली, ती प्रेक्षकांनी मुकाट्याने सोसली.

रविवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास शर्यतीचा खरा पेच उभा राहिला. घाटाच्या दोन्ही टोकांना सेन्सर बसवले होते. जुंपणीच्या रेषेवर बैलाने किरण तोडला की घड्याळ सुरू होत होते आणि निशाणाजवळचा किरण तुटला की थांबत होते. बैलांपुढे घोडी धावते, त्यामुळे वरचा सेन्सर घोडी पार झाल्यावरच चालू करावा लागतो आणि ते काम यंत्रचालक हाताने करत होता. त्रेचाळिसाव्या बारीला त्याने सेन्सर वेळेवर चालू केला, पण गाडा पोहोचायच्या आतच दोघे प्रेक्षक उपरणे उडवत दोरीच्या आत शिरले. उपरण्याने किरण तुटला आणि फलकावर ९.६२ सेकंद हा आकडा झळकला.

टाळ्या, शिट्ट्या झाल्या, भंडाराही उधळला गेला. पण या घाटात अकरा सेकंदांच्या आत आजवर एकही गाडा आलेला नव्हता, हे पंचांना ठाऊक होते. त्यांनी हातातली घड्याळे पाहिली. एका पंचाच्या घड्याळात ११.९१ सेकंद होते, दुसऱ्याच्या घड्याळात १२.०८. फरक किरकोळ होता, पण तो पडला नेमका हद्दीवर. बारा सेकंदांपर्यंतचे गाडे पहिल्या नंबरात आणि १२.०१ ते १२.५० सेकंदांचे दुसऱ्या नंबरात, असे समितीने आधीच जाहीर केले होते. एक घड्याळ मानले तर गाडा पहिल्या नंबरात बसत होता, दुसरे मानले तर बाहेर जात होता. हातातल्या घड्याळात बोट दाबण्याच्या वेळेतच एवढा फरक पडतो, त्यामुळे दोघांपैकी कोणाचेही चुकले असे म्हणता आले नाही.

गाडामालकाने ११.९१ ग्राह्य धरण्याचा आग्रह धरला. इतर मालकांनी हरकत घेतली. दोन्ही घड्याळांची सरासरी काढावी, अशीही सूचना पुढे आली. पंचांनी ती फेटाळली आणि ते योग्यच झाले, कारण सरासरीचा नियम आधी सांगितलेला नव्हता. अखेर ती बारी रद्द ठरवून पुन्हा सोडण्याचा निर्णय झाला. बैल नुकतेच धावले असल्याने त्यांना लगेच जुंपू नये, असे पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी बजावले. बैल सावलीत बांधले गेले, त्यांना थोडे थोडे पाणी पाजले गेले आणि सर्व गाडे संपल्यावर, सव्वाचारच्या सुमारास, पुन्हा तपासणी होऊन तीच बारी सुटली. या वेळी फलकावर ११.९७ सेकंद उमटले आणि गाडा पहिल्या नंबरात गेला. ‘‘आता कुणाचं काही म्हणणं आहे का?’’ असे निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून तीनदा विचारले. कोणीच हरकत घेतली नाही.

दरम्यान, साडेअकरालाच समितीने वरच्या सेन्सरच्या दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा फूट लोखंडी जाळी लावून घेतली होती. जाळी ग्रामपंचायतीच्या आवारात पडूनच होती. ती शुक्रवारी लावली असती तर हा प्रसंग आला नसता, अशी कुजबुज घाटावर ऐकू आली.

पहिल्या नंबरात एकूण सहा गाडे आले. एक लाख अकरा हजार रुपयांचे बक्षीस त्यांना विभागून मिळाले आणि प्रत्येकाच्या वाट्याला साडेअठरा हजार रुपये आले. आंबेगाव तालुक्यातल्या एका गाड्याने ११.५८ सेकंदांत घाट सर केला आणि ‘घाटाचा राजा’ हा मान मिळवला. त्याच्या मालकाला दुचाकी देण्यात आली. बैलाची शेपटी पिरगाळल्याबद्दल एक गाडा बाद ठरला. बैलाला मारणे, टोचणे किंवा शेपटी पिरगाळणे नियमांत बसत नाही, ही सूचना निवेदक दर तासाला देत होते. राज्याच्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी शिक्कामोर्तब केल्यापासून शर्यती सुरळीत झाल्या आहेत. पण एका गावाने नियम मोडला तर सगळ्यांच्या परवानगीवर गदा येईल, ही धास्ती गाडामालकांच्या बोलण्यात जाणवली.

रविवारी दुपारी तीनला मंदिरामागच्या आखाड्यात हगामा सुरू झाला. लाल मातीत ताक, हळद आणि तेल मिसळून ती दोन दिवस आधीच खणून ठेवली होती. सुरुवातीच्या कुस्त्या लहान मुलांच्या झाल्या आणि जिंकणाऱ्यांच्या ओंजळीत रेवड्या पडल्या. मग इनामाचा आकडा शंभरापासून चढत गेला. मुलींच्या चार कुस्त्या झाल्या; त्यांपैकी ओतूर आणि अकोल्याच्या मल्लांची लढत सर्वांत चुरशीची ठरली. एकावन्न हजारांच्या शेवटच्या निकाली कुस्तीत संगमनेरच्या मल्लाने नवव्या मिनिटाला घिस्सा डावावर प्रतिस्पर्ध्याला चितपट केले. तोपर्यंत सूर्य मावळला होता.

बाजारात सुमारे ऐंशी दुकाने लागली होती. सर्वाधिक गर्दी गोडीशेवेच्या पाच दुकानांसमोर होती. उन्हाने गुळाचा पाक सुटून शेव चिकट होऊ नये म्हणून हलवायांनी या वेळी पाक नेहमीपेक्षा कडक ठेवला होता. शेव दोनशे रुपये किलोने विकली गेली आणि रविवारी संध्याकाळी चार दुकानांचा माल संपला. मोठा पाळणा मात्र शनिवारी फिरलाच नाही. त्याच्या एका पायाखालची जमीन भुसभुशीत असल्याचे पोलिसांना आढळले. चालकाने तिथे सागवानी ओंडके टाकून पाया पक्का केला, तेव्हा रविवारी दुपारी त्याला परवानगी मिळाली.

वाहतुकीचे नियोजन पहिल्या दिवशी कोलमडले. मोटारी आणि दुचाकी कांदा काढून मोकळ्या झालेल्या तीन शेतांत लावल्या होत्या, तिथे काही अडले नाही. अडले ते ओढ्यावरच्या अरुंद मोरीवर. संध्याकाळी साडेपाचला बैल घेऊन परतणारे टेम्पो आणि मुंबईहून आलेल्या दोन बस समोरासमोर आल्या आणि दीड तास कोणालाच हलता आले नाही. टेम्पोतले बैल उन्हात तहानेने व्याकूळ झाले. जवळच्या वस्तीवरच्या महिलांनी त्यांना बादल्यांनी पाणी पाजले. रविवारी पोलिसांनी टेम्पो कालव्याच्या रस्त्याने बाहेर काढले आणि फाट्यापर्यंतचा रस्ता मोकळा राहिला.

शनिवारी रात्री पालखीचा छबिना गावभर फिरला. रविवारी रात्री साडेसातला तमाशा उभा राहिला. फडाची सुपारी गुढीपाडव्याच्या आधीच नारायणगावच्या राहुटीत ठरली होती. ध्वनिक्षेपकाची मुदत रात्री दहापर्यंतच असल्याने फडमालकाने गण-गवळण आटोपती घेतली आणि वगाला अधिक वेळ दिला. तरीही वग अर्ध्यावरच राहिला. प्रेक्षकांनी ‘‘चालू द्या’’ म्हणून गलका केला, पण पोलीस अधिकारी मंचाजवळ येताच कलाकारांनी हात जोडून पडदा पाडला. जुन्या जाणत्यांना रात्रभर चालणारा तमाशा आठवला नसता तरच नवल. सोमवारी सकाळी हजेरीचा कार्यक्रम झाला आणि वगाचा उरलेला भाग कलाकारांनी तिथे पूर्ण केला.

तमाशा सुटल्यावर वनविभागाच्या गाडीने वस्त्यांवर जाणाऱ्यांना सोबत केली. आठवड्यापूर्वी याच शिवारातल्या उसात बिबट्या दिसला होता. लोकांनी एकट्याने जाऊ नये, लहान मुलांना मधे ठेवावे आणि मोठ्याने बोलत चालावे, असे वनकर्मचाऱ्यांनी व्यासपीठावरून सांगितले होते. रात्री कुठेही अनुचित प्रकार घडला नाही.

सोमवारी दुपारी तरुण मंडळाच्या मुलांनी घाट आणि बाजाराच्या जागेवरून चार ट्रॉल्या कचरा उचलला. जमाखर्च येत्या अमावास्येला मंदिरात वाचून दाखवण्याचे यात्रा समितीने जाहीर केले.