मोतीच्या आरोग्य प्रमाणपत्राचा मराठी अनुवाद (लातूर ते फ्रँकफर्ट)

ताई, आपण पाठवलेल्या फोटोंवरून केलेला हा अनुवाद केवळ आपल्या समजुतीसाठी आहे. विमानतळावर जर्मन आणि इंग्रजीतील मूळ कागदच दाखवावा लागेल.

प्राणी कुत्रा, जात कारवानी, नर, रंग बदामी. मायक्रोचिप क्रमांक 900215004738162 असून ती १२ जानेवारी २०२५ रोजी मानेच्या डाव्या बाजूस बसवली आहे. फोटोत अकरावा अंक घडीवर आला आहे. तो ३ आहे की ८, हे मला खात्रीने वाचता आले नाही. मी ३ धरला आहे, कारण लसीच्या पुस्तिकेतील स्टिकरवर तो स्वच्छ ३ दिसतो. तरीही मुंबईला निघण्यापूर्वी लातूरच्या डॉक्टरांकडून मानेवर स्कॅनर फिरवून पंधराही अंक मूळ कागदाशी ताडून घ्यावेत, कारण विमानतळावरच्या तपासणीत कागदावरचा आणि स्कॅनरवरचा क्रमांक जुळला नाही, तर पुढच्या सर्व नोंदी निरर्थक ठरतात.

रेबीजची लस १४ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे चिप बसवल्यानंतर, दिली आहे. हा क्रम नियमानेच बंधनकारक आहे. आधी लस आणि मग चिप असे झाले असते, तर ती लस मोजलीच गेली नसती. बॅच क्रमांक A418C02. पहिलीच लस असल्याने २१ दिवस सोडून तिची वैधता ४ फेब्रुवारी २०२५ पासून १३ जानेवारी २०२६ पर्यंत लिहिली आहे.

युरोपीय संघाच्या सवलतीच्या यादीत भारत नसल्याने रक्तातील प्रतिपिंडांची चाचणीही नोंदवली आहे. नमुना २० फेब्रुवारी २०२५ रोजी घेतला असून निष्कर्ष प्रति मिलिलिटर १.८ आंतरराष्ट्रीय एकक आहे, किमान ०.५ लागते. नमुना लसीनंतर किमान ३० दिवसांनी आणि प्रवासाच्या किमान ३ महिने आधी घेतलेला असावा, या दोन्ही अटी पूर्ण होतात.

डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो वगैरेंच्या नोंदी पुस्तिकेत आहेत, प्रमाणपत्रात नाहीत. जर्मनीत प्रवेशासाठी त्यांची सक्ती नाही.

वैधतेचे कलम असे आहे: "हे प्रमाणपत्र शासकीय पशुवैद्यकाच्या सहीच्या दिनांकापासून प्रवेशस्थानी होणाऱ्या तपासणीपर्यंत १० दिवस ग्राह्य राहील, त्यानंतर संघातील पुढील प्रवासासाठी तपासणीच्या दिनांकापासून ४ महिने, किंवा रेबीज लसीची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत ग्राह्य राहील." सही २ जूनची आहे आणि आपले विमान ९ जूनला उतरते, म्हणून दिवस पुरतात, मात्र तिकीट आठवडाभर पुढे ढकलले, तर नवे प्रमाणपत्र काढावे लागेल.

मालकाच्या घोषणापत्रात मोती आपल्या प्रवासाच्या फार तर ५ दिवस आधी किंवा नंतर नेला जाईल आणि त्याची विक्री होणार नाही, असे लिहिले आहे. त्याखाली आपली सही अजून दिसत नाही.