सई आणि ओंकारचं लग्न : कोणता विधी कुठे आहे

सगळ्यांना नमस्कार. व्हिडिओ ३ तास ७ मिनिटांचा आहे. एका बैठकीत तो कुणाचाच बघून होणार नाही आणि नेमकं आपल्याला हवं ते शोधताना पुढे-मागे करून जीव जातो, म्हणून ही यादी केली. निळ्या आकड्यावर बोट लावलं की व्हिडिओ तिथूनच सुरू होईल. हे आकडे घड्याळातले नाहीत, व्हिडिओ सुरू झाल्यापासूनचे आहेत. आजीला आणि चिपळूणच्या आजोबांना कुणीतरी जवळ बसून लावून द्या.

0:00 व्याहीभेट, सीमांतपूजन
आदल्या संध्याकाळचं. कुंभार्ली घाट उतरून नाही, चढून आलेली मंडळी बसमधून उतरतात तिथपासून.

9:40 हळद
आधी ओंकारला, मग तीच उष्टी हळद सईला. हळकुंडं सांगलीचीच, काकांनी स्वतः निवडून आणलेली. जात्यावर दळताना मोठ्या आत्याने म्हटलेल्या ओव्या सुरुवातीलाच आहेत. त्यावर मागून गाणं घालू नका असं मी एडिटिंगवाल्याला बजावून सांगितलं होतं, त्यामुळे जात्याची घरघरही ऐकू येते.

19:25 देवक बसवणं

26:50 गौरीहर
मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून सई अन्नपूर्णेवर चिमूट-चिमूट तांदूळ वाहत बसली आहे. बाहेर एवढी धावपळ चालू असताना इथे मात्र ती एकटी. मला अख्ख्या व्हिडिओत हे सगळ्यात आवडतं.

34:15 मामा सईला बोहल्याकडे आणतो

36:05 अंतरपाट आणि मंगलाष्टकं
पहिली दोन गुरुजींची, तिसरं ओंकारच्या काकूंचं.

40:30 आजीचं मंगलाष्टक
लंडनच्या काकांनी आणि ज्यांना येता आलं नाही त्या सगळ्यांनी हे आधी ऐका. आजीने स्वतः रचलंय, शार्दूलविक्रीडितात, दोन्ही घरच्या कुलदैवतांची नावं गुंफून. तिसऱ्या ओळीला तिचा गळा दाटून येतो, तिथे आत्याने सूर उचलून धरला आणि चौथी ओळ दोघींनी मिळून म्हटली.

44:52 अंतरपाट दूर, हार
‘तदेव लग्नं’ संपताच वाजंत्री सुरू होते. हेडफोन असेल तर आवाज आधी कमी करा.

47:10 कन्यादान
गुरुजी प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगतात. बाबांच्या हातावरून पाण्याची धार पडते ते अगदी जवळून घेतलंय. ‘नातिचरामि’ ओंकार इतकं ठणठणीत म्हणतो की मागच्या रांगेतलेसुद्धा वळून बघतात.

58:30 मंगळसूत्र

1:03:15 विवाहहोम, लाजाहोम
सईच्या ओंजळीत लाह्या घालणारा आपला धाकटा. मधली काही मिनिटं धुराने पुसट आहेत.

1:12:40 कानपिळी
मुलांसाठी! ओंकार उंच, धाकटा जेमतेम त्याच्या खांद्याला लागतो. शेवटी ओंकारच गुडघ्यावर बसला. कान जोरात पिळला, पण अंगठी घेतल्याशिवाय सोडला नाही.

1:15:05 सप्तपदी

1:24:20 सूनमुख

1:28:00 रुखवत
मावशीने विणलेली तोरणं आणि साखरेचं तुळशीवृंदावन. मावशी, तुझ्यासाठी कॅमेरा प्रत्येक वस्तूवर थांबवला आहे.

1:36:45 आहेर आणि फोटो
पाऊण तासाला थोडा कमी. आपापला चेहरा बघायचा असेल तरच. आधी वरपक्ष, मग सांगलीची मंडळी, शेवटी सईच्या ऑफिसातले.

2:15:10 पंगत

2:18:35 उखाणे
दोघांचे आहेत, पण सईचा त्याच क्षणी सुचलेला. मामा सारखा ‘चला, जेवण गार होतंय’ म्हणत होता, तेव्हा ती म्हणाली:
घाटावरचा ऊस गोड, कोकणातला आंबा,
ओंकारचं नाव घेते, मामा, जरा थांबा!

2:28:00 विहिणीची पंगत
रांगोळी आणि चांदीची ताटं नीट दिसतात. ओंकारच्या आईंनी आमच्या आईला हाताला धरून शेजारच्या पाटावर बसवलं आणि आधी घास तिला भरवला. मानपानाच्या या पंगतीत असं मी पहिल्यांदाच पाहिलं. चिपळूणच्या काकू, तुमच्याबद्दल आमच्या घरात रोज बोलणं होतं.

2:35:50 झाल
दिवे लावलेली वेळूची परडी प्रत्येकाच्या डोक्यावर धरतात तेव्हा मागे सनई आहे.

2:42:15 पाठवणी

2:50:30 चिपळूणला गृहप्रवेश
माप ओलांडणं, लक्ष्मीपूजन.

2:58:20 ताटातल्या तांदळात नाव
ओंकारने अंगठीने ‘सई’च लिहिलं. नाव बदलायचं नाही हे दोघांचं आधीच ठरलेलं होतं.

कुणाला एखादा तुकडा वेगळा करून हवा असेल तर सुरू आणि शेवट दोन्ही वेळा मला व्हॉट्सॲपवर पाठवा. आजीचं मंगलाष्टक मी आधीच कापून ठेवलंय, मागाल त्याला लगेच मिळेल. यादीत कुणाचं नातं चुकीचं लिहिलं गेलं असेल तर तेही कळवा, दुरुस्त करते.

सईची ताई