लीझे माइट्नर

लीझे माइट्नर (७ नोव्हेंबर १८७८, व्हिएन्ना – २७ ऑक्टोबर १९६८, केंब्रिज) या ऑस्ट्रियात जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ. युरेनियमच्या अणूचं केंद्रक फुटतं तेव्हा नेमकं काय होतं, हे त्यांनी आणि त्यांचे भाचे ओटो रॉबर्ट फ्रिश यांनी पहिल्यांदा समजावून सांगितलं.

घर ज्यू, वडील वकील. तेव्हा ऑस्ट्रियात मुलींना युनिव्हर्सिटीपर्यंत नेणारी सरकारी शाळाच नव्हती, म्हणून खासगी शिकवणी लावून परीक्षा दिली आणि १९०१ साली व्हिएन्ना युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतला, तिथे भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्समान शिकवायला होते. १९०६ साली डॉक्टरेट मिळाली.

१९०७ साली त्या बर्लिनला गेल्या, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लांक यांची लेक्चर्स ऐकायची होती, आणि तिथेच केमिस्ट ओटो हान यांच्यासोबत काम सुरू झालं जे पुढे तीसेक वर्षं चाललं. सुरुवातीला केमिस्ट्री इन्स्टिट्यूटमध्ये बायकांना येऊ देत नसत, त्यामुळे तळघरातल्या जुन्या सुतारकामाच्या खोलीत, वेगळ्या दाराने ये-जा करत त्या प्रयोग करायच्या. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियन सैन्यासाठी एक्स-रे विभागात काम केलं. हान आणि माइट्नर यांनी प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याचं जास्त काळ टिकणारं रूप शोधलं. १९२६ साली बर्लिन युनिव्हर्सिटीत त्या प्रोफेसर झाल्या, जर्मनीत भौतिकशास्त्रात या पदावर पोचलेल्या पहिल्या महिला.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला आणि ज्यू असूनही नाझी जर्मनीत मिळत असलेलं ऑस्ट्रियन पासपोर्टचं संरक्षण गेलं. १३ जुलै १९३८ ला डच भौतिकशास्त्रज्ञ डर्क कोस्टर यांच्यासोबत ट्रेनने त्या नेदरलँड्समध्ये पोचल्या, निघताना हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी दिली होती, गरज पडली तर सीमेवर लाच द्यायला. तिथून त्या स्टॉकहोमला गेल्या.

डिसेंबर १९३८ मध्ये हान यांचं पत्र आलं, युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर त्याहून कितीतरी हलकं बेरियम मिळतंय, हे कसं? ख्रिसमसच्या सुट्टीत स्वीडनमधल्या कुंगेल्वला बर्फातून चालता चालता माइट्नर आणि फ्रिश यांनी केंद्रक म्हणजे द्रवाचा थेंब असं धरून कागदावर हिशोब मांडला, तर दोन तुकड्यांचं मिळून वस्तुमान थोडं कमी भरत होतं आणि तेवढ्या वस्तुमानातून साधारण २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा निघते असं उत्तर आलं. हे मांडणारा दोघांचा लेख ११ फेब्रुवारी १९३९ ला ‘नेचर’मध्ये छापून आला.

१९४४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हान यांना मिळालं. प्रयोग हान आणि त्यांचे सहकारी केमिस्ट फ्रित्स श्ट्रासमान यांचे होते हे खरं, पण त्यांचा अर्थ लावणारं काम माइट्नर आणि फ्रिश यांचं, त्यामुळे या निवडीवर विज्ञानाचे इतिहासकार आजही टीका करतात आणि ती टीका नोंदवल्याशिवाय हे चरित्र पूर्ण होत नाही.

अणुबॉम्बवर काम करायला त्यांनी नकार दिला. १९६० साली त्या केंब्रिजला राहायला गेल्या. १९६६ सालचा एन्रिको फर्मी पुरस्कार हान, श्ट्रासमान आणि माइट्नर या तिघांना मिळाला. १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला १९९७ साली माइट्नेरियम हे नाव अधिकृतपणे देण्यात आलं.